मीटर काय सांगतो आणि क्लच काय सांगतो

जुन्या ट्रॅक्टरची किंमत विचारली, की विकणारा दोन गोष्टी एका दमात सांगतो: मॉडेल कोणत्या सालचं आणि मीटरवर तास किती. साल आरसी बुकावर छापलेलं असतं, त्यात खोटं बोलायला जागा नाही. खरी मेख आहे ती तासांत. चारचाकी जशी किलोमीटरवर पारखतात तसा ट्रॅक्टर तासांवर पारखतात, कारण तो शेतात एका जागी उभा राहून मळणीयंत्र चालवतो तेव्हाही त्याचं इंजिन झिजतच असतं. पण हा आकडा वाटतो तितका भरवशाचा नाही.

जुन्या धाटणीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत अवर मीटर केबलवर चालतो. इंजिनच्या फेऱ्या केबलमधून मीटरपर्यंत जातात आणि कंपनीने ठरवलेल्या फेऱ्यांच्या गतीने इंजिन तासभर फिरलं तरच मीटरवर एक तास पडतो. निम्म्या गतीने फिरलं तर अर्धा तास. म्हणजे मीटर अगदी प्रामाणिक असला तरी घड्याळाचे तास त्याहून जास्तच असतात. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरचं तसं नाही, तो इंजिन चालू असेल तेवढा वेळ मोजतो. आणि केबल तुटली, की मीटर मुकाट्याने थांबतो. ट्रॅक्टरचं काम त्यावाचून अडत नाही, म्हणून ती केबल वर्षानुवर्षे कुणी बदलत नाही. काही जण ती तुटायची वाटही पाहत नाहीत.

एक उदाहरण धरू. पंढरपूर तालुक्यातल्या पाच एकरवाल्या शेतकऱ्याला चाळीस एचपीच्या आसपासचा, तीन सिलिंडरचा, 2014 सालचा ट्रॅक्टर दाखवला जातो. मीटरवर 3,150 तास. विकणारा म्हणतो, "घरचीच गाडी हाय भाऊ, भाड्यानं एक दिवस दिली न्हाई." त्याची शेती बारा एकर. अकरा वर्षांत 3,150 म्हणजे वर्षाला तीनशेच्या आत. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी आणि थोडी ट्रॉली एवढ्या कामाला हा आकडा बरोबर बसतो. थाप मारायची तर अशी हिशोबात बसणारीच मारतात, म्हणून आकड्यावर थांबायचं नाही.

आधी पायाखाली बघायचं. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवर पाय घसरू नये म्हणून खाचा असतात. तीन हजार तासांच्या घरगुती ट्रॅक्टरवर त्या बोथट झालेल्या असतील, पण हाताला लागतात. इथे क्लचचं पेडल गुळगुळीत होऊन चांदीसारखं चमकतं आहे आणि डाव्या कडेला पातळ झालं आहे. मग मागे जाऊन ड्रॉबारचं भोक बघायचं. ते गोल हवं, इथे अंडाकृती झालं आहे. नांगर तीन बिंदूंच्या लिंकेजवर लागतो, त्याचा या भोकाशी संबंध नाही. भोक असं ओढलं जातं ते भरलेल्या ट्रॉलीने. मागच्या टायरची नक्षी कडेपेक्षा मध्यभागी जास्त घासली आहे, म्हणजे डांबरावर बरंच पळणं झालंय. मडगार्डखाली ट्रॉलीच्या दिव्यांसाठी ओढलेल्या वायरींचा गुंता आहे आणि वर दोन मोठ्या स्पीकरांच्या खुणा. घरच्या बारा एकरांत रात्रभर गाणी लावून कोण नांगरतं?

सोलापूर, सांगली, कोल्हापूर, नगर या पट्ट्यात ट्रॅक्टरचं खरं आयुष्य ऊस वाहतुकीत जातं. गाळपाच्या हंगामात धरा एकशे दहा दिवस आणि कारखान्यावरच्या रांगेतला वेळ वगळून दिवसाला आठ तास इंजिन, तर एका हंगामातच 880 तास होतात. असे चार हंगाम झाले तरी मीटरवरच्या 3,150 च्या पुढे गेलो, घरची शेती वेगळीच. याचा पुरावा कधी कधी विकणाऱ्याच्या घरातच असतो. नव्या ट्रॅक्टरबरोबर मोफत सर्व्हिसची कुपनं येतात आणि प्रत्येक सर्व्हिसला तारीख आणि तास लिहिले जातात. ते पुस्तक सापडलं, आणि पहिल्या दीड वर्षातच हजार तासांची नोंद दिसली, तर नंतरच्या साडेनऊ वर्षांत फक्त एकवीसशे तास कसे झाले, हे विचारता येतं. पुस्तक हरवलं असेल तर चेसिस नंबर घेऊन ज्या शोरूमला सर्व्हिसिंग व्हायचं तिथल्या वर्कशॉपमध्ये जुनी जॉब कार्डं आहेत का, हे मालकाला सोबत नेऊन बघायचं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. सात-आठ हजार तास झालेला ट्रॅक्टर टाकाऊ नसतो. शेती अभियांत्रिकीच्या पुस्तकात घसारा काढताना ट्रॅक्टरचं आयुष्य साधारण दहा हजार तास धरतात आणि इंजिनचं काम केलेले ट्रॅक्टर त्याही पुढे चालताना दिसतात. फक्त पैसे सात हजार तासांच्या ट्रॅक्टरचे द्यायचे, तीन हजारांच्या नव्हे. शिवाय तास कसले, हेही महत्त्वाचं. दोन ट्रॉल्या घेऊन चढावर सुटलेला ट्रॅक्टर क्लच, ब्रेक आणि मागचे एक्सल खातो. रोटाव्हेटरवर राबलेला पीटीओ आणि लिफ्ट खातो. मीटरवर दोघांचे तास सारखेच दिसतील.

म्हणून ट्रॅक्टर बघायला जाताना निरोप आधी पाठवायचा, पण एक अट घालून: मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनच्या ब्लॉकला हात लावायचा. गरम असेल तर विकणाऱ्याला काहीतरी झाकायचं आहे असं समजायला हरकत नाही. थंड इंजिन सुरू व्हायला वेळ लागणं, सुरुवातीला पांढरा धूर जास्त वेळ रेंगाळणं, हे घसरलेल्या कॉम्प्रेशनचं लक्षण आहे आणि गरम इंजिनात ते दडून जातं. चालू करण्यापूर्वी ऑइलची पट्टी काढून बघायची. ऑइल काळं असणं डिझेल इंजिनात साधी गोष्ट आहे. दुधाळ असेल तर त्यात पाणी आहे. पातळी खुणेच्या वर असून डिझेलचा वास येत असेल तर डिझेल उतरतं आहे. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का तेही बघून घ्यायचं. इंजिनची बाकी परीक्षा नंतर, गरम झाल्यावर.

आता खरी मागणी करायची: तासभर काम करून दाखवा. नांगर आणि रोटाव्हेटर विकणाऱ्याचेच असले तरी चालतील, नसतील तर शेजाऱ्याचे मागून घ्यायचे, डिझेल आपण भरायचं. जो माणूस यालाच नकार देतो त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नये. हा एक तास एवढा गरजेचा का, तर तेल थंड असताना घट्ट असतं आणि झिजलेल्या भागांतल्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवून टाकतं. गरम झालं की पातळ होतं आणि जिथे वाट सापडेल तिथून निसटतं. काही जण तर लिफ्टचं दुखणं लपवायला नेहमीपेक्षा जाड ऑइल भरून ठेवतात. सकाळच्या गारव्यात असा ट्रॅक्टर नव्यासारखा उचलतो, दुपारी ती लबाडी उघडी पडते.

लिफ्टपासून सुरुवात करू. पाच फुटी रोटाव्हेटरचं वजन साधारण साडेतीनशे-चारशे किलो भरतं, परीक्षेला ते पुरेसं आहे. कामाच्या तासाभरानंतर रोटाव्हेटर पूर्ण उचलायचा, पीटीओ बंद करायचा, इंजिन जरा चढं ठेवायचं आणि लिव्हरवरचा हात काढून मागच्या लिफ्टच्या हातांकडे बघत राहायचं. चांगली लिफ्ट एका जागी स्थिर राहते. बिघडलेली लिफ्ट दर काही सेकंदांनी थोडी खाली येते आणि झटक्यात पुन्हा वर जाते. आमच्याकडे म्हणतात, लिफ्ट उचक्या देते. आत दाबाखालचं तेल कुठून तरी गळतंय. हात खाली येताच कंट्रोल व्हॉल्व्ह पुन्हा तेल सोडून ते वर घेतो, असा तो खेळ चाललेला असतो.

मग इंजिन बंद करायचं. जमिनीपासून रोटाव्हेटरच्या फ्रेमपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवायची. मोजताना हात-पाय कुठलाही अवयव रोटाव्हेटरखाली जाता कामा नये, लिफ्ट कधीही सुटू शकते. पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मग अर्ध्या तासाने. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची शेती यंत्रांची चाचणी संस्था आहे. तिथे नव्या ट्रॅक्टरची लिफ्टसुद्धा याच पद्धतीने तपासतात: भार उचलून धरायचा आणि अर्धा तास दर पाच मिनिटांनी तो किती उतरला ते मोजायचं. जुना ट्रॅक्टर थोडाफार उतरणारच, त्याचं काही नाही. पण इंजिन बंद केल्यावर रोटाव्हेटर मिनिटा-दोन मिनिटांत जमिनीला टेकला, तर आत काम आहे. आपल्या उदाहरणातला ट्रॅक्टर पाच मिनिटांत चार इंच उतरला आणि उचक्याही देत होता.

यात मिस्त्रीला विचारायचा प्रश्न एकच: गळती कुठे आहे? लिफ्टच्या सिलिंडरमधल्या पिस्टनची ओ-रिंग गेली असेल तर काम स्वस्तात होतं. कंट्रोल व्हॉल्व्ह झिजला असेल तर खर्च वाढतो, आणि पंपच कमजोर असेल तर आणखी वाढतो. पंपाची एक ढोबळ ओळख अशी की उचलतानाच लिफ्ट दमते, म्हणजे गरम झाल्यावर हळूहळू वर येते किंवा इंजिन चढवल्याशिवाय वजन उचलतच नाही. वर चढताना जोमदार आणि नंतर उतरते, तर पंपापेक्षा सील आणि व्हॉल्व्हवर संशय जास्त. याच वेळी पोझिशनच्या लिव्हरने हात मध्यावर थांबतात का तेही बघायचं. काही ट्रॅक्टरांची लिफ्ट एकतर पूर्ण वर नाहीतर पूर्ण खाली एवढंच जाणते. पेरणीयंत्र चालवताना ते फार नडतं.

क्लचकडे मी जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण क्लच बदलायचा तर ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो. इंजिन एका बाजूला, गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला. प्लेटच्या किमतीइतकीच ती मजुरी आणि वर्कशॉपमध्ये जाणारे दिवस अंगावर येतात, तेही नेमके पेरणीच्या तोंडावर.

पहिली गोष्ट पेडलचं मोकळं खेळणं. पेडल हलक्या हाताने दाबलं, की साधारण इंचभर ते काही जोर न लागता खाली जायला हवं, नंतर दाब जाणवायला हवा. प्लेट झिजत जाते तसं हे मोकळं अंतर कमी होतं आणि ते परत आणायला पेडलच्या दांड्यावर आट्यांची सोय असते. आता खाली वाकून त्या आट्या बघायच्या. दोन्ही बाजूंना आटे शिल्लक असतील तर ठीक. इथे मात्र नट शेवटापर्यंत गेलेला आहे, पुढे फिरायला जागाच नाही. या ट्रॅक्टरचं पेडल वरून अगदी बरोबर लागतं, कारण कालच कुणीतरी ते जुळवलं आहे, नटावर पान्याची ताजी खूण आहे. पण पुढच्या वेळी जुळवायला काही उरलेलं नाही. प्लेट संपत आली.

दुसरी परीक्षा उभ्या ट्रॅक्टरवरची. मोकळी सपाट जागा घ्यायची, पुढे-मागे माणूस नको. दोन्ही ब्रेकची पेडलं एकमेकांना जोडून घट्ट लावायची, वरचा मोठा गिअर टाकायचा, इंजिन मध्यम गतीवर ठेवायचं आणि क्लच हळूहळू सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन दबतं आणि बंद पडतं. पेडल पूर्ण सुटूनही इंजिन चालूच राहिलं आणि ट्रॅक्टर जागचा हलला नाही, तर प्लेट घसरते आहे. हा प्रयोग एकदाच करायचा, फार तर दोनदा. क्लच तपासता तपासता जाळायचा नाही.

तिसरी नांगरावर, आणि हीच मला जास्त पटते. नांगर चांगला खोल घालून चालू द्यायचं आणि मागच्या चाकाकडे बघत राहायचं. जोर पडल्यावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली तर क्लच ठीक आहे, माती सुटते आहे. पण इंजिनचा आवाज एकदम चढला आणि चाकं मंदावली किंवा थांबली, तर ताकद क्लचमध्येच अडकते आहे. घासलेल्या प्लेटचा जळका वासही लगेच येतो. आपल्या ट्रॅक्टरने उभ्या परीक्षेत इंजिन बंद पाडून दाखवलं, थंड होता तोवर. पाऊण तास नांगरल्यावर मात्र बांधाजवळच्या कडक पट्ट्यात तो घसरला.

डबल क्लचचा ट्रॅक्टर असेल तर रोटाव्हेटरवर आणखी एक गोष्ट बघता येते. पेडल अर्धं दाबलं की ट्रॅक्टर थांबायला हवा आणि रोटाव्हेटर फिरत राहायला हवा, पूर्ण दाबल्यावर तोही थांबतो. अर्ध्या पेडलवर दोन्ही थांबत असतील तर निदान जुळवणी चुकलेली आहे, आणि आट्या संपल्या असतील तर प्लेट. गिअर टाकताना क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबल्यावरही करकर आवाज आला, तर क्लच पुरता सुटत नाही. आणि पेडल दाबताच घरघर, सोडताच शांत, असं झालं तर बेअरिंग गेलं. बेअरिंग स्वस्त असतं, पण त्यासाठीही ट्रॅक्टर फोडावाच लागतो.

आता गळती. विकाऊ ट्रॅक्टर नेहमी धुतलेला असतो, बऱ्याचदा रंगही मारलेला असतो, आणि त्यात वावगं काही नाही, मुलगी दाखवायला कुणी पारोशी आणत नाही. पण जिथे पाइपचा झोत पोचत नाही तिथे बघायचं: मागच्या रिमची आतली बाजू, पायरीच्या मागे, इंजिनच्या पोटाखाली. तेलावर धूळ बसून झालेला जाड काळा थर म्हणजे जुनी, मुरलेली गळती. कोरडी धूळ आणि मध्येच ओला चकाकता पट्टा म्हणजे ताजी. तासभर काम करून परत आल्यावर ट्रॅक्टरखाली पुठ्ठ्याचे मोठे तुकडे पसरून ठेवायचे आणि चहा घ्यायचा. अर्ध्या तासात पुठ्ठाच सांगतो कुठून काय पडतंय.

यातली एक जागा मुद्दाम वाकून बघावी अशी आहे. क्लच ज्या घरात बसतो त्याच्या तळाला बऱ्याच ट्रॅक्टरांत एक लहान भोक असतं आणि त्यात सैलसर खिळीसारखी पिन हलत असते. आत शिरलेलं पाणी आणि तेल बाहेर पडावं म्हणून ती सोय आहे. तिथून तेल टपकत असेल तर बोटावर घ्यायचं. काळं, पातळ असेल तर इंजिनचं, म्हणजे क्रँकच्या मागचं ऑइल सील गेलं. मधासारखं पिवळसर आणि चिकट असेल तर गिअरबॉक्सकडचं. दोन्हींचा अर्थ एकच, की प्लेटवर तेल जातं आहे, आणि तेल प्यालेली प्लेट नवी असली तरी घसरते. भोक मातीने किंवा एम-सीलने बुजवलेलं दिसलं, तर काही विचारायलाच नको. आपल्या ट्रॅक्टरच्या पिनेवर काळा थेंब लोंबत होता.

बाकीच्या गळत्यांत प्रतवारी करावी लागते. पीटीओच्या शाफ्टजवळचा किंवा लिफ्टच्या आडव्या शाफ्टच्या टोकांचा ओलावा म्हणजे बाहेरची सीलं, ती निभावून नेता येतात. मागच्या चाकाच्या आतून तेल उतरत असेल तर ते ब्रेकपर्यंत जाऊ शकतं. एक पेडल दाबल्यावर ट्रॅक्टर त्या बाजूला वळतो का ते लगेच करून बघायचं. डिझेलच्या पाइपचा पाझर किरकोळ, वॉशर बदलला की थांबतो.

गळती बघता बघता गरम इंजिनचं राहिलेलं काम उरकायचं. इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करायचं, आणि ब्रीदरच्या नळीपाशी हात धरायचा. थोडी वाफ येते, ती सगळ्यांचीच. झाकण जागेवर उड्या मारू लागलं आणि नळीतून ठोके दिल्यासारखा धूर येत असेल, तर रिंगांमधून दाब खाली उतरतो आहे. सोबत सायलेन्सरमधून निळसर धूर असेल तर इंजिन ऑइल खातंय आणि किट बदलायचे दिवस जवळ आले. ओझ्याखाली क्षणभर काळा धूर सुटला तर घाबरायचं कारण नाही. सतत काळा असेल तर एअर क्लीनर, नोझल, पंप, या क्रमाने बघावं.

आता आपल्या शेतकऱ्यासमोर काय आहे ते मांडू. मीटर 3,150, खऱ्या अंदाजात दुपटीच्या वर. ब्रीदरला थोडा धूर, निळा धूर नाही, म्हणजे इंजिन आणखी काही काळ चालेल. क्लच जाणार, क्रँकचं मागचं सील गेलेलं, लिफ्टमध्ये काम. ऐकताना तीन दुखणी वाटतात, पण सील बदलायला जो ट्रॅक्टर फोडावा लागतो तो क्लचसाठी फोडायचाच आहे, त्यामुळे त्यात भर पडते फक्त सीलच्या किमतीची आणि थोड्या हातकामाची. समजा, मिस्त्रीने क्लच, बेअरिंग, सील आणि मजुरी मिळून पंचवीस हजार सांगितले आणि लिफ्टचे, गळती फक्त सीलची निघाली तर पाच, व्हॉल्व्हची निघाली तर पंधरा. वाटाघाटीत पंधराच धरायचे, कारण उघडून बघेपर्यंत कुणालाच माहीत नाही. विकणाऱ्याने तीन लाख वीस हजार सांगितले असतील, तर चाळीस हजार उघडउघड दुरुस्तीचे वजा जातात. त्यानंतरही तो भाव तीन हजार तासांच्या ट्रॅक्टरचाच राहतो. त्याच मॉडेलचे, ऊस वाहिलेले ट्रॅक्टर आसपास काय भावाने गेले ते दोन-तीन ठिकाणी विचारायचं आणि त्या भावातून हे चाळीस हजार कमी करायचे, सांगितलेल्या किमतीतून नव्हे.

असा ट्रॅक्टर मी घ्यायला सांगेन, भाव जमला तर. पण दुधाळ ऑइल, रेडिएटरमध्ये तेल, गिअरबॉक्समधून ओझ्याखाली येणारा कण्हण्यासारखा आवाज, ओझ्यावर आपोआप सुटणारा गिअर, यातलं एकही असतं तर पाच एकरवाल्याने किंमत विचारायलाही थांबू नये. या दुरुस्त्यांचा अंदाज बाहेरून बांधता येत नाही, आणि उघडल्यावर कळतं तेव्हा ट्रॅक्टर आपल्या नावावर असतो.

नावावर होण्याचंही बघायला हवं. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून घ्यायचे, इंजिन नंबरच्या जागी घासल्याची खूण नको. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तिचं ना हरकत पत्र आणि फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. ट्रॉली वेगळी पासिंग झालेली असते, तिचे कागद वेगळे मागायचे. इसाराच्या पावतीवर मीटरचा आकडा, ठरलेल्या दुरुस्त्या आणि त्या कोण करून देणार, हे लिहून दोघांच्या सह्या घ्यायच्या.